बोअरच्या जड पाण्यावर फ्रंट लोड मशीन : चोपड्यातल्या एका वर्षाच्या नोंदी

१० जून २०२४. बसवणी

ठिकाण चोपडा, तळमजल्याचं घर, माणसं पाच. वापरायचं पाणी बोअरचं. नगरपालिकेचं पाणी येतं, पण ते पिण्यासाठी साठवतात, धुण्याला जात नाही. मशीन ७ किलोचं फ्रंट लोड, इन्व्हर्टर मोटर, आत २००० वॅटचा हीटर. सर्वसमावेशक वॉरंटी दोन वर्षं, मोटरवर दहा वर्षं.

मशीन जागेवर सरकवण्याआधी मागचे चार ट्रान्झिट बोल्ट काढले आणि पिशवीत घालून घरच्यांकडे दिले. ते तसेच राहिले तर पहिल्याच पिळण्याला मशीन फरशीवर चालायला लागतं आणि आतले शॉक अॅब्सॉर्बर उखडतात. घर कधी बदलायचं झालं तर तेच बोल्ट परत लागतात. पाय वरखाली करून मशीन लेव्हलला आणलं, मग पायांचे नट वरच्या बाजूला घट्ट आवळले. हे नट ढिले राहिले की महिन्या-दोन महिन्यांत लेव्हल आपोआप बिघडते.

सॉकेट १६ अँपिअरचं, वेगळ्या वायरीवर घेतलं. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये अॅडॅप्टर लावून हे मशीन चालवलं तर प्लगची पिन आधी तपकिरी पडते आणि मग वितळते.

पाण्याचा दाब ही इथली खरी अडचण. टाकी गच्चीवर, साध्या विटांच्या ओट्यावर. टाकीचा तळ आणि मशीनचा व्हॉल्व्ह यांच्यात उंचीचा फरक जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. माहितीपुस्तिकेत किमान दाब तेवढाच दिलेला आहे. नळाखाली बादली धरून मोजलं तर १० लिटर भरायला सव्वा मिनिट लागलं. चालेल, पण हाताशी काहीच उरत नाही. जाळीत थोडा गाळ अडकला की मशीन ‘पाणी येत नाही’ म्हणून थांबणार.

११ जून २०२४. पाणी

टीडीएस मीटरचा आकडा लिहून ठेवला, पण त्यावरून कपडे धुण्यापुरतं काही कळत नाही. त्यात मीठही मोजलं जातं आणि चुनाही. मशीनला त्रास होतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. त्यासाठी थेंब मोजायचं किट वापरलं. ठरलेलं पाणी कुपीत घ्यायचं, बफर आणि रंगद्रव्य घालायचं, पाणी रेड वाइनसारखं लाल होतं. मग रंग पूर्ण निळा होईपर्यंत एकेक थेंब टाकत जायचं. पडलेल्या थेंबांना किटवर दिलेल्या आकड्याने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये एकूण कठीणपणा मिळतो.

इथे तो ४८० आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे तापीकाठच्या बोअरच्या मानाने हे पाणी काही भयंकर म्हणता येणार नाही. तरी मशीनसाठी ते जडच.

दुसरा आकडा जास्त कामाचा. तेच पाणी दहा मिनिटं उकळलं, गार केलं, गाळलं आणि पुन्हा मोजलं. उरला १७०. म्हणजे ४८० मधला ३१० हा तापवल्यावर खाली बसणारा कठीणपणा. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट गरम होताच कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि जिथे पाणी सगळ्यात गरम असतं तिथे, म्हणजे हीटरच्या नळीवर, चिकटतं. उरलेल्या १७० चा हीटरला फारसा उपद्रव नाही. तो पावडर खातो.

हीटरची काळजी ३१० च्या हिशेबाने आणि पावडरचं माप ४८० च्या हिशेबाने ठरवायचं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुकानात दोन्हींवर एकच पाकीट पुढे करतात.

२ जुलै २०२४. पावडरचं माप

पहिल्या काही धुण्यांना पाकिटावर छापलेल्या मापाप्रमाणे ५० ग्रॅम पावडर टाकली. रंगीत कपडे ठीक निघाले. टॉवेल आणि बनियन मात्र राखी दिसू लागले. घरच्या ताई म्हणाल्या, “भाऊ, टॉवेल निस्ते पापडासारखे कडक निंघतात.”

पावडर कमी पडली की असंच होतं. पावडरमधला पहिला हिस्सा पाण्यातला चुना बांधण्यात खर्च होतो, उरलेला मळ काढतो. उरलाच नाही तर निघालेला मळ आणि चुना मिळून पुन्हा कापडावर बसतात. माप दहा-दहा ग्रॅमने वाढवत नेलं. खूण अशी ठेवली : धुणं अर्धं झाल्यावर काचेच्या खालच्या कडेला फेसाची बारीक रेघ टिकली पाहिजे. रेघ नसेल तर पावडर कमी, अर्धी काच फेसाने झाकली तर जास्त. या पाण्याला ४ ते ५ किलो कपड्यांसाठी ८० ग्रॅमवर गाडी स्थिरावली.

हातधुण्याची साधी पावडर घालून भागवू नये. तिचा फेस ड्रमच्या मागे वर चढतो. मशीनला फेस जाणवला की ते आपणहून जास्तीचं पाणी घेऊन पुन्हा खळबळतं, आणि स्वस्त पावडरची बचत पाण्यात जाते. धुण्याचा सोडा टाकायची सवयही इकडे बरीच आहे. सोड्याने पाणी हलकं होतं हे खरं, पण तो चुन्याला खाली बसवून हलकं करतो. बादलीत तो तळाशी राहतो. मशीनमध्ये त्याला बसायला जागा दोनच, कापड आणि हीटर.

टॉवेलचा कडकपणा घालवायला साधा उपाय लागू पडला. सॉफ्टनरच्या कप्प्यात सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून ठेवायचं. ते शेवटच्या पाण्यात उतरतं आणि धाग्यांत अडकलेला चुना सोडवतं. दर धुण्याला गरज नाही, फक्त टॉवेल-चादरींच्या फेरीला.

शेतातल्या कपड्यांबद्दल एवढंच की काळ्या मातीचा चिखल वाळवून, झटकून मगच मशीनमध्ये टाकावा. फ्रंट लोड इतक्या कमी पाण्यात धुतं की माती बाहेर वाहून जायला पाणीच पुरत नाही. केळीच्या चिकाचे डाग कोणत्याही प्रोग्रामने गेले नाहीत, जाणारही नाहीत. केळी कापायचे कपडे वेगळे ठेवायची इथली पद्धत योग्यच आहे.

६ ऑगस्ट २०२४. नळाला लावायचा ‘सॉफ्टनर’

दुकानदाराने मशीनसोबत नळावर बसवायची पारदर्शक कुपी सुचवली होती. ती घेण्याआधी हिशेब केला.

अशा कुप्या दोन जातीच्या असतात. एकीत काचेच्या गोट्यांसारखे पॉलिफॉस्फेटचे खडे असतात. ते हळूहळू विरघळतात आणि चुन्याला एकमेकांना चिकटू देत नाहीत. पाण्यातला चुना त्यामुळे कमी होत नाही. किटने मोजा, कुपीच्या आधीही ४८० आणि नंतरही ४८०. ‘सॉफ्टनर लावला तरी आकडा उतरत नाही’ ही तक्रार यातूनच येते. शिवाय पाणी ६० अंशांच्या वर गेलं की या खड्यांचा परिणाम ओसरतो, आणि थर साचायची भीती तर तिथेच जास्त.

दुसऱ्या जातीत खरं रेझिन असतं, ते चुना धरून त्याच्या जागी सोडियम सोडतं. एक लिटर रेझिन साधारण ५० ते ६० ग्रॅम कठीणपणा धरू शकतं. नळाच्या कुपीत रेझिन मावतं अर्धा लिटर, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. आता या मशीनचं एक धुणं : ५५ लिटर पाणी, लिटरला ०.४८ ग्रॅम, एकूण २६ ग्रॅम. एका धुण्यात कुपी संपली. दुसऱ्या धुण्याआधी तिला मिठाच्या पाण्याने धुऊन परत चार्ज करायला हवं. ते रोज कोणी करणार नाही.

पाण्यासाठी खर्च करायचाच असेल तर अख्ख्या घराच्या टाकीवर २०-२५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर लावावा. तो फक्त धुण्याच्या मशीनसाठी परवडत नाही. इथे खड्यांची कुपीही घेतली नाही आणि रेझिनचीही नाही. चुना आत येऊ द्यायचा आणि ठरावीक काळाने आम्लाने काढायचा, असं ठरलं.

२२ ऑक्टोबर २०२४. मशीन थांबलं, सर्व्हिसचा पहिला अनुभव

पाणी न येण्याचा एरर. पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी ढवळलेलं होतं, त्यामुळे संशय पहिला जाळीवर. तरी कंपनीची सर्व्हिस कशी चालते ते बघायचं असल्याने आधी तक्रार नोंदवली.

टोल फ्री नंबरवर मशीनचा सीरियल नंबर आणि खरेदीची तारीख मागितली. तक्रार क्रमांक लगेच आला. तंत्रज्ञ जळगावहून येतो, तालुक्याला त्याचे वार ठरलेले, त्यामुळे माणूस तिसऱ्या दिवशी पोचला. जळगाव शहरात हेच काम दुसऱ्या दिवशी होतं. तालुक्याच्या गावात एवढा वेळ धरूनच चालावं.

त्याने इनलेट पाइप काढला, व्हॉल्व्हच्या तोंडातली जाळी पक्कडीने ओढून दाखवली. जाळीवर बारीक रेती आणि तांबूस गाळाचा लेप होता. जुन्या दातांच्या ब्रशने धुतली, बसवली, मशीन सुरू. दहा मिनिटांचं काम. बिल ४५० अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. जाळी तुंबणं हा मशीनचा दोष धरत नाहीत, वॉरंटी असली तरी भेटीचे पैसे लागतात. त्यात गैर काही नाही, पण तक्रार घेताना हे कोणी सांगत नाही.

या भेटीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. मोबाइलवर आलेला काम पूर्ण झाल्याचा कोड तंत्रज्ञाने दारातच मागितला. तो मशीन पाणी घेऊन, धुऊन, पिळून दाखवेपर्यंत द्यायचा नाही. कोड दिला की तक्रार बंद होते, आणि काम अर्धवट राहिलं तर नव्या तक्रारीने पुन्हा तेवढाच वेळ जातो. दुसरं, त्याने थर काढायच्या पावडरची तीन पाकिटं आणि खड्यांची कुपी घ्यायचा आग्रह केला. त्याच्यावरही विक्रीचा दबाव असतो. हसून नाही म्हणावं, वाद घालू नये. पुढच्या वेळी तोच येणार आहे.

नळ आणि मशीनचा पाइप यांच्यात साधी वाय-जाळी बसवली. ती हाताने उघडून धुता येते. आता गाळ मशीनपर्यंत पोचायच्या आधी बाहेर अडतो.

५ जानेवारी २०२५. थंडीतला हीटर

हिवाळ्यात टाकीचं पाणी सकाळी २० अंशांच्या आसपास असतं. ४० अंशांचा सुती प्रोग्राम लावला तर हीटरला २० अंश चढवायचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला किती वीज लागते याचं सोपं गणित असं : लिटर गुणिले अंश, भागिले ८६०, उत्तर युनिटमध्ये. धुण्याच्या फेरीत पाणी १५ लिटर धरलं तर १५ × २० ÷ ८६० = ०.३५ युनिट. खळबळायचं पाणी मशीन तापवत नाही. ड्रम आणि कपडे तापायला थोडी वीज, मोटर-पंपाला ०.२ च्या आत. सॉकेटला लावलेल्या मीटरवर ४० अंशांच्या धुण्याला ०.६ युनिटच्या जवळ आकडा येतो. ६० अंशांवर तोच आकडा १ युनिटला पोचतो.

संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. त्याने मशीन बिघडत नाही, पण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, २००० वॅटचा हीटर १४०० च्या खाली येतो. तापायला दीडपट वेळ लागतो आणि स्क्रीनवरची मिनिटं मध्येच अडकून बसतात. वीज मात्र तेवढीच लागते, कारण पाण्याला उष्णता तेवढीच द्यायची असते.

हाच नियम थराला लावला की एक पक्का समज कोसळतो. हीटरवर चुना बसला की बिल वाढतं असं सगळीकडे सांगतात. पाण्यात बुडालेल्या विजेच्या हीटरची उष्णता थरातून जाईल, पण शेवटी पाण्यातच जाणार, दुसरीकडे जायला तिला जागा नाही. बिलात फरक नगण्य. नुकसान होतं ते हीटरच्या नळीचं. थर उष्णता अडवतो, त्यामुळे पाणी ४० अंशांवर असलं तरी थराखालची धातूची नळी भलतीच तापते. मग तिला बारीक चीर जाते, आत पाणी शिरतं आणि करंट अर्थिंगला गळू लागतो. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारी स्विच, असेल तर धुणं सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांनी, म्हणजे हीटर चालू होताच, ती पडते. थंड पाण्याच्या प्रोग्रामवर पडत नाही. दोष हीटरचा की आणखी कशाचा, हे ओळखायची ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

थर बघायला मशीन खोलावं लागत नाही, आणि वॉरंटीत खोलूही नये. प्लग काढायचा, दार उघडायचं, मोबाइलची बॅटरी ड्रमच्या छिद्रांवर तिरपी धरायची आणि ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. खालच्या बाजूला छिद्रांतून हीटरची नळी दिसते. जूनमध्ये ती चकचकीत होती. आज तिच्यावर पांढरट, खरखरीत थर आहे, अंदाजे अर्धा मिलिमीटर. पावसाळ्यात तो जवळपास नव्हता. म्हणजे बहुतेक सगळा नोव्हेंबरनंतरचा.

६ जानेवारी २०२५. थर काढणे

किराणा दुकानातून लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, सुटं आणलं. किलोला अडीचशे रुपयांच्या घरात पडलं. छापील पाकिटांतही मुख्यतः असलंच आम्ल असतं.

कपडे न घालता १०० ग्रॅम थेट ड्रममध्ये टाकलं आणि ६० अंशांचा सुती प्रोग्राम लावला. पाणी तापून ड्रम फिरायला लागल्यावर पॉज करून अर्धा तास तसंच ठेवलं. मग प्रोग्राम पूर्ण होऊ दिला आणि वर एकदा नुसतं खळबळून घेतलं.

प्रमाणाला कारण आहे. १०० ग्रॅम आम्ल कागदावर पाऊणशे ग्रॅमच्या आसपास चुना विरघळवतं. प्रत्यक्षात आम्ल भरपूर शिल्लक राहिलं पाहिजे, नाहीतर सुटलेला चुना आम्लाशीच जोडला जाऊन कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ बनतो आणि परत बसतो. पाणी जितकं गरम तितका तो गाळ लवकर बनतो. म्हणून ९० अंशांचा प्रोग्राम लावायचा नाही, ‘जास्त गरम तर जास्त साफ’ हे इथे उलटं पडतं. ब्लीच किंवा जंतुनाशक पाणी याच फेरीत चुकूनही घालू नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि धुण्याची जागा बहुधा बंद मोरीच असते.

नंतर खालचा पंप फिल्टर उघडला. आधी शेजारची छोटी नळी परातीत सोडून पाणी काढायचं, मगच झाकण फिरवायचं, नाहीतर सगळं फरशीवर. फिल्टरमध्ये चुन्याचे चपटे कपचे, दोन सेफ्टी पिना आणि कापसाचा गुंता. बॅटरी टाकून पाहिलं तर नळी बरीचशी उघडी पडली होती, वळणाच्या कोपऱ्यात थोडा थर शिल्लक. दुसऱ्या आठवड्यात हीच फेरी पुन्हा केल्यावर तोही गेला.

१८ मार्च २०२५. अर्थिंग

मशीनला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार. थर साफ असल्याने हीटरवर संशय कमी. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये १८ व्होल्ट दिसले. ते तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवेत. अंगणातला अर्थिंगचा खड्डा पार सुकला होता. मशीनच्या आतल्या विजेच्या फिल्टरमधून थोडा करंट नेहमीच अर्थिंगकडे जातो. खड्डा कोरडा असला की त्याला वाट मिळत नाही आणि तो पत्र्यावर जाणवतो. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून दोन बादल्या पाणी ओतलं, व्होल्टेज २ वर आलं. फेब्रुवारी ते जून दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी, असं घरच्यांना सांगितलं.

त्याच दिवशी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला, हजार-बाराशेचा. कमी व्होल्टेजची भीती नाही, पण खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि पहिला बळी मशीनचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी. वादळी वाऱ्याचे दिवस आता जवळ आलेत. त्या झटक्याला साधा स्टॅबिलायझर पुरत नाही, झटकन तोडणारं काहीतरी हवं.

मशीनच्या तळाला उंदराची जाळीही लावली. मका आणि हरभरा घरात येऊन पडला की उंदीर येतात, आणि या मशीनच्या वॉरंटी कार्डावर उंदराने कुरतडलेली वायर स्पष्ट वगळलेली आहे.

२१ मे २०२५. उन्हाळा

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. मोजलं तर ४३ अंश. ४० अंशांचा प्रोग्राम लावला, हीटर एकदाही चालू झाला नाही. मीटरवर ०.१८ युनिट. थर बसायलाही वाव नाही, जानेवारीत साफ केलेली नळी अजून तशीच आहे. म्हणून ‘दर महिन्याला थर काढा’ हा छापील सल्ला खान्देशात एप्रिल ते जून निरर्थक ठरतो. तीच पावडर थंडीसाठी राखून ठेवावी.

उलट बाजू अशी की दुपारी ‘थंड’ प्रोग्रामवर टाकलेल्या नव्या साडीचा रंग सुटतो, कारण पाणी थंड नसतंच. रंगीत धुणं सकाळी सातच्या आत उरकावं.

पिळण्याचा वेग ८०० वर आणला. या दिवसांत कपडे दोरीवर तासाभरात वाळतात, १२०० च्या वेगाने बेअरिंगला दमवून काही मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा वाढवायचा.

१२ जून २०२५. वर्षाची तपासणी आणि हिशेब

मोकळा ड्रम हाताने फिरवला, घरघर नाही. दाराकडच्या कडेला धरून वर उचलून पाहिला, खेळ नाही. मागच्या बाजूला गंजाचा ओघळ नाही, म्हणजे बेअरिंगचं सील शाबूत. हे नीट बघण्याचं कारण, या मशीनचा टब जोडलेला, सीलबंद आहे. बेअरिंग गेलं तर नुसतं बेअरिंग बदलत नाहीत, अख्खा टब बदलावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. दाराच्या रबराच्या खालच्या घडीत काळी बुरशी सुरू झालेली दिसली. धुण्यानंतर घडी पुसायची आणि दार उघडं ठेवायचं, एवढंच राहून जात होतं. रबर फाटलेलं नाही.

चालवण्याचा खर्च. आठवड्याला पाच धुणी, वर्षाला २६०. वीज सरासरी ०.४५ युनिट धरून ११७ युनिट, या घरच्या बिलात सगळे आकार मिळून युनिट १० रुपयांना पडतं, म्हणजे ११७० रुपये. पावडर ८० ग्रॅमप्रमाणे जवळपास २१ किलो, किलोला २२० रुपये धरून ४६०० च्या आसपास. लिंबूसत्त्व, टॉवेलच्या फेऱ्या धरून, ३०० च्या आत. सर्व्हिसच्या भेटीचे ५३१. एकूण ६६०० रुपये, धुण्यामागे सुमारे २५.

विजेच्या चौपट पैसा पावडरीत गेला. मशीन घेताना सगळी चर्चा स्टारच्या लेबलवर होते. एक स्टार जास्त घेऊन इथे वर्षाला शे-दोनशे वाचतील. पाणी हलकं असतं आणि ५० ग्रॅम पावडरीत भागलं असतं तर सतराशे वाचले असते. पावसाळ्यात गच्चीचं पाणी साठवायला वेगळी टाकी जमली तर तेवढे महिने ही बचत मिळते, कारण पावसाच्या पाण्यात चुना नसतोच. घरच्यांनी यंदा ५०० लिटरची टाकी मांडली आहे. ते पाणी वापरताना पावडर ४० ग्रॅमवर आणायची, नाहीतर फेस काचेवर चढेल.

वाढीव वॉरंटीसाठी कंपनीचा फोन आला. दोन वर्षांचे साडेचार हजार. नियम वाचले : उंदीर, जास्त व्होल्टेज आणि जड पाण्याचा थर, तिन्ही वगळलेले. या घरात मशीनला धोका नेमका याच तिघांचा. मोटरची दहा वर्षांची वॉरंटीही फक्त मोटरची, तिला चालवणारा पीसीबी तिच्यात नाही. नकार कळवला. चालू वॉरंटी जून २०२६ ला संपते. त्याआधी, मे महिन्यात, कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून हीटर बाहेर काढून घ्यायचा आणि मेगर या मीटरवर इन्शुलेशन तपासून घ्यायचं. आकडा एक मेगाओहमच्या आसपास किंवा खाली असेल तर वॉरंटी संपायच्या आत तक्रार लेखी नोंदवायची, सोबत जानेवारीचे साफसफाईचे फोटो जोडायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी : वाय-जाळी धुणे, बॅटरी टाकून हीटर बघणे, एक किलो लिंबूसत्त्व आणून ठेवणे.